हे नेमके कोणी करायचे?

एखादे परिपत्रक हाती घ्या आणि त्यातल्या ‘-ण्यात’ने संपणाऱ्या प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलने रेघ ओढा. नमुन्यादाखल हे वाक्य मी रचले आहे, पण त्याचा सूर कोणालाही ओळखीचा वाटेल:

‘पावसाळ्यापूर्वी सर्व स्रोतांच्या पाण्याचे नमुने घेण्यात येऊन ते प्रयोगशाळेकडे पाठविण्यात यावेत व दूषित स्रोतांबाबत आवश्यक ती उपाययोजना करण्यात येऊन त्याबाबतचा अहवाल तात्काळ सादर करण्यात यावा.’

चार रेघा, चार कामे आणि माणूस एकही नाही. गावात हा कागद पोचला की जलसुरक्षकाला वाटते, आरोग्यसेवक नमुने घेईल. आरोग्यसेवकाला वाटते, हे ग्रामपंचायतीचे काम. परिपत्रक फायलीत लागते आणि विहिरीचे पाणी तसेच राहते.

यावर ‘कर्मणी टाळा, कर्तरी लिहा’ असा सल्ला दिला जातो. तो मराठीला नीट लागू पडत नाही. ‘ग्रामपंचायत अधिकाऱ्याने अहवाल पाठवावा’ हेही व्याकरणाने कर्मणीच आहे. क्रियापद अहवालाप्रमाणे चालते. पण त्यात ‘ग्रामपंचायत अधिकाऱ्याने’ ठळक उभा आहे. दोष कर्मणी प्रयोगाचा नाही. ‘-ण्यात येणे’ या रचनेत कर्ता गाळला तरी वाक्य पुरे वाटते, आणि अशा रचना एकात एक गुंफल्या की तो गळल्याचे लिहिणाऱ्याच्याही ध्यानात येत नाही. ‘पाठवावा’मध्ये सरकारी अदबही शाबूत राहते, हुकूम सोडल्यासारखे वाटत नाही.

आता तेच वाक्य असे लिहिता येईल:

‘जलसुरक्षकाने गावातील प्रत्येक स्रोताच्या पाण्याचा नमुना 31 मेपर्यंत प्रयोगशाळेत द्यावा. पाणी दूषित निघाल्यास ग्रामपंचायत अधिकाऱ्याने त्याच दिवशी तेथे “पाणी पिऊ नये” असा फलक लावावा व पाण्याचे शुद्धीकरण करून घ्यावे. या कामाचा अहवाल त्यांनी तीन दिवसांत गटविकास अधिकाऱ्यांना पाठवावा.’

‘तात्काळ’चे तीन दिवस झाले, ‘आवश्यक ती उपाययोजना’ म्हणजे फलक आणि शुद्धीकरण हे कळले. ‘ग्रामपंचायतीमार्फत करण्यात यावे’ एवढ्याने मात्र भागत नाही. ग्रामपंचायत ही संस्था आहे; सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळे राहतात. पदनामच हवे.

सगळ्या रेघा पुसायच्या नाहीत. ‘कार्यालयाची वेळ बदलण्यात आली आहे’ इथे वाचणाऱ्याला नवी वेळ हवी असते, ती कोणी बदलली हे नाही. ते वाक्य खुशाल राहू द्यावे.

खरी अडचण वेगळीच असते. ‘कोणी?’ असे विचारल्यावर कधी कधी मसुदा लिहिणाऱ्या लिपिकालाही उत्तर देता येत नाही, कारण वरच ते ठरलेले नसते. ती उणीव भाषेची नाही, निर्णयाची आहे, आणि शब्द बदलून ती भरत नाही. असा मसुदा सहीला न ठेवता, कर्त्याची जागा रिकामी सोडून, साहेबांकडे परत पाठवावा.