दसऱ्याची तारीख सरकते, ड्युटीचा तक्ताही

कापड दुकानात गेल्या वर्षीची बिलं नुसती तारखेला तारीख लावून पाहिली, तर अंदाज हमखास चुकतो. 2024 मध्ये दसरा 12 ऑक्टोबरला, शनिवारी होता. 2025 मध्ये तो 2 ऑक्टोबरला, गुरुवारी आला. म्हणून आधी सण जुळवायचा, मग वार.

समजा, दसऱ्याआधीच्या रविवारी 240 बिलं झाली होती आणि एक विक्रेता दिवसाला 20 गिऱ्हाइकं नीट सांभाळतो. मग यंदा त्या रविवारी 12 माणसं लागतील. एरवीच्या मंगळवारी 80 बिलं, म्हणजे चौघं पुरेत; आठवड्याच्या सुट्ट्या तिथेच द्याव्यात.

मात्र कंटाळून परत गेलेलं गिऱ्हाईक बिलात दिसत नाही. गर्दीच्या संध्याकाळी दर तासाची बिलं एकाच आकड्यावर अडकलेली दिसली, तर माणसंच कमी पडली होती. तिथे हिशेबापेक्षा एक विक्रेता जास्त लावावा.