तीनशे एकोणतीस चेंडूंचा हिशेब

२५ जून १९८३. लॉर्ड्सवरच्या विश्वचषक अंतिम सामन्यात भारताचा डाव ५४.४ षटकांत १८३ धावांवर आटोपला. त्या डावाचं धावफलक छापलेलं जुनं पान फोटो काढून ठेवलेलं अनेकांच्या फोनमध्ये सापडेल. आता त्या फोटोतून फलंदाज, बाद कसा, धावा आणि चेंडू असा तक्ता करायचा आहे. फोनमधलं अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर मजकूर क्षणात उचलून देतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं.

पहिली अडचण ओळींची. पान थोडं तिरपं असलं किंवा घडीपाशी फुगलेलं असलं, की डावीकडचं नाव आणि उजवीकडचा आकडा एका रेषेत राहत नाहीत. त्यामुळे फोटो आधी सरळ करून घ्यावा आणि प्रत्येक आकडा नावापासून ओळ धरतच वाचावा. धावांचा अख्खा रकाना वरून खाली एकदम उतरवू नये. यशपाल शर्माची नोंद लांब आहे, कारण झेल बदली खेळाडू लोगीने घेतला आणि गोलंदाज होता गोम्स. अरुंद रकान्यात ती दोन ओळींवर गेली, तर सॉफ्टवेअर तिचे दोन फलंदाज करून ठेवतं.

बाद होण्याचा तपशील एकाच खणात कोंबू नये, त्याचे तीन भाग करावेत:

| फलंदाज | प्रकार | क्षेत्ररक्षक | गोलंदाज | धावा | चेंडू |
|---|---|---|---|---|---|
| गावसकर | झेल | ड्युजाँ | रॉबर्ट्स | २ | १२ |
| श्रीकांत | पायचीत | – | मार्शल | ३८ | ५७ |
| संधू | नाबाद | – | – | ११ | ३० |

तक्ता भरून झाला, की पडताळणी. धावफलकाची मोठी सोय ही, की तो स्वतःच स्वतःला तपासू देतो. अकरा फलंदाजांच्या धावांची बेरीज १६३ येते. त्यात अवांतर २० मिळवले की १८३. श्रीकांतचे ३८ चुकून ३३ वाचले, तर ही बेरीज पाचाने कमी पडते आणि चूक उघडी होते.

पण एवढ्यावर थांबणं धोक्याचं आहे. कीर्ती आझाद आणि रॉजर बिन्नी एकाखाली एक आहेत आणि दोघांचीही नोंद तंतोतंत एकच आहे: झे. गार्नर गो. रॉबर्ट्स. सारख्या दोन ओळींपैकी एक नजरेतून निसटणं अगदी सहज घडतं. आझादची ओळ गळाली तर? तो शून्यावर बाद झाला, त्यामुळे धावांची बेरीज १८३ च राहते आणि तक्ता बिनचूक भासतो.

ही चूक पकडतात चेंडू. ५४.४ षटकं म्हणजे ३२८ वैध चेंडू. वाइड फलंदाजाच्या खात्यात चेंडू म्हणून धरला जात नाही, नोबॉल मात्र धरला जातो. अवांतरात नोबॉल एक होता, म्हणजे फलंदाजांनी खेळलेले चेंडू ३२९ भरायला हवेत, आणि ते बरोबर तेवढेच भरतात. आझादची ओळ नसेल तर ३२६ येतात, कारण तो तीन चेंडू खेळला होता. गोलंदाजांच्या रकान्यात रॉबर्ट्सच्या नावापुढे तीन बळी दिसतात आणि आपल्या तक्त्यात दोनच, ही दुसरी खूण.

बेरजांना न सापडणारी चूक म्हणजे शेजारच्या दोन ओळींतल्या आकड्यांची अदलाबदल. संदीप पाटील २९ चेंडूंत २७, त्याखाली कपिल देव ८ चेंडूंत १५. चेंडूंचे आकडे उलटे बसले तरी बेरीज ३२९ च. इथे चौकार-षटकारांचा रकाना उपयोगी पडतो. पाटीलचा चौकार एकही नाही, षटकार एकच. मग आठ चेंडूंत २७ व्हायला उरलेल्या सातही चेंडूंवर तीन-तीन धावा पळाव्या लागतील. असं दिसलं की फोटो मोठा करून ती ओळ पुन्हा पाहावी.

मैदानावरच्या हाताने लिहिलेल्या स्कोअरबुकात आणखी एक पेच असतो. पुष्कळ वह्यांत फलंदाजाच्या ओळीत फक्त काढलेल्या धावा लिहितात, निर्धाव चेंडू गोलंदाजाच्या चौकटीत टिंब म्हणून जातात. अशा ओळीवरून धावा मिळतात, चेंडू नाहीत. तिथे चेंडूंचा खण रिकामाच ठेवायचा, शून्य लिहायचं नाही. फलंदाजीला उतरलाच नाही त्याच्या धावांचंही तेच: आझादचं शून्य तीन चेंडू खेळून आलेलं आहे, न उतरलेल्याच्या नावापुढे तेच चिन्ह टाकलं तर त्याच्या नावावर न खेळलेला डाव चढतो आणि पुढे काढलेली सरासरी चुकते.