आधी डोळा, मग कचरापेटी

गणेशोत्सव तोंडावर आला की डीटीपीच्या दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "गेल्या वर्षीचंच बॅनर आहे, फक्त ते रक्तदान शिबिराचं काढून टाका." बॅनरची पीएसडी फाइल मिळते, फोटोशॉपमध्ये उघडते आणि उजवीकडच्या Layers पॅनेलमध्ये चाळीसेक लेयरची उतरंड दिसते. (पॅनेल दिसत नसेल तर F7 दाबायचं.) लेयर डिलीट करायला एक सेकंद लागतो. वेळ जातो तो नेमका लेयर शोधण्यात.

नावांवरून शोधायला जावं तर पंचाईत. 'Layer 12 copy 3' किंवा 'Rectangle 1' यावरून काय कळणार? मजकुराच्या लेयरला फोटोशॉप त्यातल्याच शब्दांचं नाव देतं. पण मराठी मजकूर युनिकोडमध्ये नसेल, श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये केलेला असेल, तर पॅनेलमध्ये 'रक्तदान' दिसतच नाही. तिथे रोमन अक्षरं आणि मध्येच डॉलरची खूण असं काहीतरी दिसतं. कारण त्या फॉन्टमध्ये साठवलेली अक्षरं रोमनच असतात, देवनागरी असतो तो फक्त त्यांच्यावर चढवलेला आकार.

म्हणून शोध पॅनेलमध्ये नव्हे, चित्रावर सुरू करायचा. V दाबून मूव्ह टूल घ्यायचं आणि Ctrl दाबून धरून त्या ओळीवर क्लिक करायचं, मॅकवर Command. पॅनेलमध्ये तो लेयर आपोआप निवडला जातो. एकावर एक लेयर असतील तर तिथेच राइट-क्लिक करायचं, म्हणजे त्या जागी असलेल्या लेयरची छोटी यादी उघडते. वरच्या पट्टीत Auto-Select शेजारी Layer निवडलेलं आहे ना, एवढं पाहून घ्यावं. तिथे Group असेल तर एका ओळीऐवजी तिच्यासोबत बांधलेला अख्खा गट निवडला जातो.

लेयर सापडला, तरी लगेच डिलीट नको. नावाच्या डावीकडे डोळ्याचं चिन्ह असतं, त्यावर क्लिक करा. लेयर फाइलमध्येच राहतो, फक्त दिसेनासा होतो. आपल्या बॅनरवर शिबिराची ओळ गेली, पण तिच्यामागची लाल पट्टी सावलीसकट तशीच राहिली. ग्राहकाला मजकूर आणि पट्टी मिळून एकच वस्तू वाटते. फाइलमध्ये मात्र ते दोन लेयर आहेत, एक मजकुराचा आणि एक आकाराचा. सावली वेगळी शोधावी लागत नाही, कारण ती पट्टीच्या लेयरलाच लावलेला इफेक्ट असते आणि पट्टीबरोबर जाते. पट्टीचाही डोळा मिटला की खालची आरास पूर्ण दिसते. पट्टी तिच्यावर नुसती ठेवलेली होती, तिने खालचं काही पुसलेलं नव्हतं. त्या जागी राखाडी-पांढरे चौकोन दिसले तर समजावं की खाली काही नाहीच. ती जागा भरावी लागेल.

आता दोन्ही लेयरची नावं Ctrl दाबून निवडायची आणि Delete दाबायचं, किंवा ती नावं ओढून पॅनेलच्या तळाच्या कचरापेटीवर सोडायची.

इथे दोन घोटाळे नेहमीचे. कर्सर मजकुरात लुकलुकत असेल तर Delete ने लेयर जात नाही, एकेक अक्षर जातं. आधी Ctrl+Enter दाबून बाहेर पडायचं. आणि चित्रावर निवडीची ठिपकेदार रेघ सरकत असताना फोटोच्या लेयरवर Delete दाबलं, तर लेयर तसाच राहून तेवढाच तुकडा कापला जातो. Ctrl+D ने ती निवड आधी सोडायची. कुलूप लावलेला लेयर मात्र हलत नाही. कुलपाच्या चिन्हावर क्लिक करून ते काढावं लागतं.

गटातला एखादाच लेयर नको असेल तर गट उघडून त्या लेयरचंच नाव निवडायचं. गटाचं नाव निवडून कचरापेटीवर क्लिक केलं तर फोटोशॉप विचारतं: Group and Contents की Group Only? पहिल्यात सगळं जातं, दुसऱ्यात फक्त गटाची मोट सुटते, लेयर राहतात.

चूक झालीच तर Ctrl+Z आहे, पण फाइल बंद होईपर्यंतच. सेव्ह करून बंद केलेल्या फाइलमधला लेयर परत येत नाही. म्हणून बदललेलं बॅनर नव्या वर्षाच्या नावाने Save As करावं. पुढच्या वर्षी त्याच मंडळाचा माणूस येऊन म्हणू शकतो, "ते शिबिराचं परत टाका."

आणि त्याने पीएसडीऐवजी व्हॉट्सअॅपवर आलेलं जेपीईजी आणलं, तर यातलं काहीच चालत नाही. जेपीईजीत लेयर नसतात. पट्टीखालची आरास त्यात उरलेलीच नसते. तिथे डिलीट करण्याजोगं काही नाही, ती जागा नव्याने रंगवूनच घ्यावी लागते.