1 वाजून 28 मिनिटांनंतर

बार्शीला मामांच्या किराणा दुकानातून एका रात्रीत तेलाचे चार डबे गेले. कॅमेरे चार, डीव्हीआर चालू, खाली यूपीएससुद्धा. सकाळी रेकॉर्डिंग लावून बघितलं तर 1 वाजून 28 मिनिटांनी चित्र थांबलेलं, आणि पुढचं दृश्य थेट 8 वाजून 5 मिनिटांचं, मामा शटर उघडून आत आल्यानंतरचं.

लाइट 1 वाजून 10 मिनिटांनी गेली होती आणि पहाटे 3 च्या सुमारास परत आली होती. म्हणजे यूपीएस अठरा मिनिटं टिकला हे एक झालं. पण 3 ते 8 काय? काही यूपीएस बॅटरी पार रिकामी झाली की लाइट आल्यावरही आपोआप सुरू होत नाहीत, बटण दाबावं लागतं. ते बटण मामांनी सकाळी दाबलं. रविवारी दुकान बंद असतं तर दीड दिवस कोरा गेला असता.

तो कॉम्प्युटरचा साधा 600 व्हीएचा यूपीएस होता. आतली बॅटरी 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवरची. कॅमेऱ्याला हवे असतात 12 व्होल्ट, त्यांच्या छोट्या डीव्हीआरलाही 12 च. पण यूपीएस आधी बॅटरीचे 12 चे 230 करतो आणि मग अडॅप्टर त्या 230 चे पुन्हा 12. या उलट्यापालट्यात वीज वाया जाते, शिवाय यूपीएस स्वतःही खातो. बॅटरी जुनी झाली की उरतात ही अशी अठरा मिनिटं. दुकानाच्या मोठ्या इन्व्हर्टरवर जोडावं, तर फ्रीज आणि पंखे वाटेकरी होतात. वर मामा रात्री तो बंद करून जातात.

म्हणून ठरवलं की 12 व्होल्टची वेगळी बॅटरी बसवायची, आणि ती फक्त कॅमेऱ्यांसाठी. (डीव्हीआर थेट 230 वर चालणारा असेल किंवा कॅमेरे नेटवर्कच्या वायरीतूनच वीज घेत असतील, तर हा मार्ग चालत नाही, तिथे चांगला यूपीएसच लागतो.)

आधी वीज मोजली. दिवसा प्रत्येक कॅमेरा 2 वॅट घेत होता, पण अंधारात आतले इन्फ्रारेड दिवे लागले की 4. चोर यायची वेळ तीच, तेव्हा हिशेब रात्रीचा धरायचा. चार कॅमेऱ्यांचे 16, हार्ड डिस्कसकट डीव्हीआरचे 12, राउटरचे 7. एकूण 35 वॅट. चार तास टिकायला 140 वॅट-अवर. मधल्या कन्व्हर्टरची घट धरून साधारण 155, आणि बॅटरीत वीस टक्के शिल्लक ठेवायची तर 195 च्या आसपास. आम्ही 12.8 व्होल्ट, 18 अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी घेतली. तिच्यात 230 वॅट-अवर मावतात. वयाबरोबर ती थोडी खचेल, त्याची सोय त्यातच झाली.

आता कन्व्हर्टर कशाला? ही बॅटरी चार्ज होताना 14.6 व्होल्टपर्यंत चढते आणि रिकामी होत आली की 11 च्याही खाली घसरते. थेट जोडली तर चढतीत कॅमेरे जळायची भीती आणि उतरतीत डिस्क अडखळायची. मध्ये वर-खाली दोन्ही सांभाळून 12 व्होल्ट स्थिर देणारा कन्व्हर्टर असला की हे टळतं. तो 8 अँपिअरचा घेतला, कारण चालू भार 3 अँपिअरचा असला तरी डिस्क फिरायला लागताना क्षणभर बरंच जास्त ओढते. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज लावला. तो विसरून चालत नाही, कारण वायर कुठे चेपली गेली तर ही लहानशी बॅटरी ती लालबुंद करू शकते.

चार्जर 5 अँपिअरचा सुचवला गेला होता. पण त्यातले 3 कॅमेरेच घेणार, बॅटरीला उरणार 2, म्हणजे भरायला नऊ तास. दुपारी आणि रात्री अशी दोनदा लाइट गेली तर दुसऱ्या वेळी बॅटरी अर्धवटच. याच बॅटरीसाठीचा 8 अँपिअरचा चार्जर घेतला, तो चारेक तासांत भरतो.

चाचणी रात्रीच घेतली, मेन स्विच पाडून. दिवे गेले, डीव्हीआरने डोळाही मिटला नाही. फक्त मागच्या गोदामातला कॅमेरा अंधारात सारखा बंद-चालू व्हायला लागला. दिवसा तोच ठीक होता. त्याची वायर तीस मीटर लांब आणि बारीक. इन्फ्रारेड लागले की वाटेतच जवळजवळ 2 व्होल्ट गळत होते आणि कॅमेऱ्यापाशी दहाच पोचत होते. तेवढी वायर जाड घातली आणि तो गप्प झाला. दुसऱ्या रात्री पावणेपाच तास चाललं, मग आम्हीच झोपेला कंटाळून मेन वर केला.

सकाळी रेकॉर्डिंगची पट्टी सलग होती, एकही फट नाही. तारीख मात्र 2000 सालच्या 1 जानेवारीची! नवी जोडणी करताना डीव्हीआर बंद केला होता आणि त्याच्या आतला घड्याळाचा बटण-सेल मेला होता. तीस-चाळीस रुपयांचा सेल घालून वेळ लावली, आणि मामांनी चाचणीचं सगळं रेकॉर्डिंग पुन्हा घ्यायला लावलं.