इंदूरचा मराठी प्रेक्षक मोबाईलवर कसा गाठायचा?

पुण्याची एखादी नाट्यसंस्था दौऱ्यावर निघते, असं समजा. बडोदा, इंदूर, बेंगळुरू आणि शेवटी अमेरिकेत न्यू जर्सी. पूर्वी अशा दौऱ्याची भिस्त स्थानिक महाराष्ट्र मंडळाच्या पत्रकावर आणि तोंडी निरोपांवर असायची. आता संस्था फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर काही हजार रुपये खर्चून जाहिरात देते. पुण्यात हे सोपं असतं, कारण जाहिरात कोणालाही दिसली तरी बघणारा बहुधा मराठी जाणतो. इंदूरमध्ये तसं नाही. २०११च्या जनगणनेत देशातल्या ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली. त्यांतले सुमारे ५५ लाख महाराष्ट्राबाहेर होते: कर्नाटकात २० लाखांवर, मध्य प्रदेशात १२ लाखांवर, गुजरातेत ९ लाखांवर. आकडे मोठे वाटतात, पण मध्य प्रदेशात हे प्रमाण शंभरात दोनसुद्धा भरत नाही. सरसकट इंदूरला जाहिरात दाखवली तर बहुतेक पैसे नाटक न समजणाऱ्यांवर जातात.

मग सहज सुचणारा उपाय म्हणजे भाषेचा रकाना. फेसबुकची मालक कंपनी मेटा जाहिरातदारांना Ads Manager देते. त्यात Locations म्हणजे ठिकाण आणि Languages म्हणजे भाषा असे दोन रकाने असतात. इंदूर निवडायचं, मराठी निवडायची, की झालं काम, असं वाटतं. नेमकं इथेच बहुतेकांचं गणित बिघडतं.

भाषेचा हा रकाना माणसाची मातृभाषा ओळखत नाही. त्यानं आपलं फेसबुक किंवा इन्स्टाग्राम कोणत्या भाषेत ठेवलं आहे, एवढंच तो प्रामुख्याने पाहतो. इंदूरच्या रामबागेत तीन पिढ्या राहिलेल्या, घरी मराठी बोलणाऱ्या कुटुंबातल्या काकूंचा फोन इंग्रजीत किंवा हिंदीत असतो. बेंगळुरूतल्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करणाऱ्या सांगलीच्या मुलीचा फोन तर हमखास इंग्रजीत. भाषा मराठी निवडली की हे दोघेही गळतात. उरतात ते मेन्यूसुद्धा मराठीत वाचणारे थोडे लोक. हे घडलंय हे लगेच ओळखता येतं: रकान्यात मराठी टाकताच बाजूला दिसणारा संभाव्य प्रेक्षकांचा अंदाज एकदम कोसळतो. तो आकडा शहरातल्या मराठी माणसांचा समजू नये. तो मराठीत फोन वापरणाऱ्यांचा असतो.

‘मराठी समाज’ असा एखादा थेट पर्याय का नाही, हा प्रश्न रास्त आहे. जात, धर्म, वंश यांच्याशी जोडलेले पर्याय भेदभावासाठी वापरले जाऊ शकतात, म्हणून मेटाने जानेवारी २०२२ पासून असे अनेक बारीक पर्याय काढून टाकले. ते योग्यच झालं. मराठी चित्रपट किंवा मराठी गाणी अशा आवडी कधीकधी यादीत सापडतात, पण मेटाची यंत्रणा त्यांच्याकडे अनेकदा केवळ सूचना म्हणून पाहते. परदेशासाठी भारतात पूर्वी राहिलेल्यांची एक श्रेणी मिळते. तिच्यात तेलुगू, गुजराती, पंजाबी सगळेच येतात. तेव्हा मराठी प्रेक्षक नेमका निवडून देणारं कोणतंही बटण नाही, हे आधी मान्य करावं लागतं.

उपाय आहे, पण तो सेटिंगमध्ये नसून जाहिरातीत आहे. भाषेचा रकाना मोकळा सोडायचा आणि जाहिरातीलाच मराठी बोलू द्यायचं. नाटकातला तीस-चाळीस सेकंदांचा एखादा प्रवेश निवडावा. त्यात संवाद हवेत, केवळ संगीत आणि झगमगाट नको. खाली ओळी देवनागरीत द्याव्यात. हा तुकडा आधी पंधरा दिवस शहरभर दाखवावा. ज्याला मराठी येत नाही तो दोन-तीन सेकंदांत पुढे सरकतो. ज्याला येते तो थांबतो, आणि विनोद जमला असेल तर शेवटपर्यंत पाहतो. अमुक व्हिडिओ निम्म्याहून अधिक किंवा पाऊण पाहणाऱ्यांचा वेगळा गट मेटा आपल्यासाठी बनवून देतं. प्रयोगाच्या आधीच्या आठवड्यात तिकिटाची जाहिरात फक्त या गटाला दाखवायची. फोन कोणत्याही भाषेत असो, मराठी समजते हे या लोकांनी स्वतःच्या वागण्यातून दाखवलेलं असतं. एक काळजी मात्र घ्यावी लागते. पहिल्या टप्प्यात व्हिडिओ पुरेशा लोकांनी पाहिला नाही तर गट फार लहान राहतो आणि दुसरी जाहिरात धड पोचतच नाही. म्हणून लहान शहरात पहिल्या टप्प्यावर जास्त पैसे ठेवावेत.

आता ठिकाण. मेटावर शहर निवडलं की त्याभोवती साधारणपणे ४० किलोमीटरचं वर्तुळ आपोआप येतं. ते प्रत्येक शहरासाठी तपासून बदलावं लागतं. इंदूरभोवती ४० किलोमीटर घेतले तर देवास आत येतं, उज्जैन बाहेर राहतं. पवारांच्या जुन्या संस्थानामुळे देवासमध्ये मराठी घरं आहेत, आणि उज्जैनहूनही लोक चांगल्या नाटकासाठी येऊ शकतात. तिथे वर्तुळ ६० किलोमीटरचं करणं शहाणपणाचं. बेंगळुरूत उलट करायचं. तिथल्या वाहतुकीत आठवड्याच्या मधल्या दिवशी ४० किलोमीटरवरून नाटकाला कोणी येत नाही. म्हणून शहराचं नाव न निवडता नकाशावर नाट्यगृहाच्या जागी खूण करावी आणि पंधरा किलोमीटर ठेवावेत. अशी खूण केली की एक किलोमीटरपासून ऐंशी किलोमीटरपर्यंत कितीही अंतर निवडता येतं.

गुगलवर जाहिरात देणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहायला हवी. ठिकाणाच्या निवडीखाली Location options नावाचा भाग असतो. तिथे ‘Presence or interest’ हा पर्याय आधीच निवडलेला असतो. म्हणजे इंदूरमध्ये असलेल्यांबरोबरच इंदूरबद्दल उत्सुकता दाखवणाऱ्यांनाही जाहिरात दिसते. मुंबईत बसून इंदूरचं हॉटेल शोधणारा पर्यटकही त्यात आला. पर्यटनाच्या धंद्याला हे उपयोगी आहे, नाटकाच्या प्रयोगाला नाही. तिथे ‘Presence’ निवडावं. शोधशब्द मात्र दोन्ही लिप्यांत द्यावेत. ‘मराठी नाटक इंदूर’ असं देवनागरीत टाइप करणारे असतात, त्याचप्रमाणे marathi natak indore असं लिहिणारेही पुष्कळ.

न्यू जर्सीचा प्रश्न वेगळा आहे. एडिसनभोवती ४० किलोमीटर घेतले तर प्रिन्स्टन आणि जर्सी सिटी दोन्ही आत येतात, पण वर्तुळ न्यूयॉर्क शहराच्या काही भागांतही शिरतं. तिथून कोणी येणार नसेल तर तेवढा भाग नकाशावर वगळता येतो. त्याहून मोठी अडचण घड्याळाची. जाहिरातीचं खातं पुण्यात उघडलेलं असतं, म्हणून त्याचं घड्याळ भारतीय. न्यू जर्सीतले लोक जेवणानंतर, संध्याकाळी सात ते दहा या वेळात फोन पाहतात असं धरलं, तर उन्हाळ्यात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेचार ते साडेसात वाजलेले असतात. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात, तेव्हा हीच वेळ आपल्याकडे साडेपाच ते साडेआठ होते. मेटावर वेळापत्रक लावताना पाहणाऱ्याच्या स्थानिक वेळेचा पर्याय मिळतो, तो निवडावा. गुगलवर वेळापत्रक खात्याच्या वेळेप्रमाणेच चालतं, त्यामुळे तिथे हा हिशेब हातानेच करावा लागतो.

म्हणूनच चारही शहरं एकाच जाहिरात-गटात कधी टाकू नयेत. एकत्र टाकली की जिथे क्लिक स्वस्त मिळतो तिथेच यंत्रणा पैसे ओतते. भारतातले क्लिक अमेरिकेपेक्षा बरेच स्वस्त असतात, त्यामुळे न्यू जर्सीच्या वाट्याला फारसं काही उरत नाही. प्रत्येक शहराचा गट वेगळा, पैसे वेगळे आणि तिकिटाचा दुवाही वेगळा हवा. दुव्याला अशी खूण जोडता येते:

```
https://example.com/tikit?utm_source=facebook&utm_campaign=indore-video
```

मग कोणत्या जाहिरातीतून माणूस तिकिटाच्या पानावर आला, हे संकेतस्थळाच्या आकडेवारीत दिसतं. इंदूरमध्ये दोन हजार रुपयांचे दोन गट चालवले, असं धरा. पहिल्यात भाषा मराठी निवडली, दुसऱ्यात भाषा मोकळी ठेवून व्हिडिओ पाहणाऱ्यांचा गट घेतला. पहिल्यातून आठ तिकिटं गेली, दुसऱ्यातून वीस. तिकिटामागचा खर्च पहिल्यात अडीचशे रुपये, दुसऱ्यात शंभर. पहिल्यात क्लिक जास्त आले असले तरी निवड दुसऱ्याचीच करायची, कारण नाट्यगृह क्लिकांनी भरत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांनी प्रदेशवार अहवालही उघडून पाहावा. जाहिरात इंदूरची आणि क्लिक मुंबईहून येत असतील तर ठिकाणाची निवड चुकली आहे. मोबाईल नेटवर्कवरून ठिकाणाचा अंदाज काही वेळा चुकतो, तेव्हा थोडी सरमिसळ धरून चालावी. पण ती निम्म्यावर गेली तर जाहिरात थांबवून सेटिंग तपासायलाच हवं.

शेवटचा टप्पा तिकिटाच्या पानाचा. मराठी जाहिरात पाहून आलेल्या माणसाला शहरावरून ओळखून हिंदी पान दाखवणारी संकेतस्थळं असतात. इथवर कमावलेलं सगळं तिथे वाया जातं. पान मराठीतच उघडावं, आणि हिंदी-इंग्रजीचा पर्याय वरच्या कोपऱ्यात ठेवून निवड पाहणाऱ्यावर सोडावी.

यात वाचकांनाही एक गोष्ट करता येण्यासारखी आहे. जाहिरातदारांना मराठी प्रेक्षक कमी दिसतो, याचं एक कारण आपण आपली ॲप्स इंग्रजीत ठेवतो हे आहे. बेंगळुरूत असा, बडोद्यात असा किंवा न्यू जर्सीत, निदान फेसबुकची भाषा सेटिंगमध्ये जाऊन मराठी करून ठेवा. तुमच्या शहरात येणारं पुढचं मराठी नाटक तुमच्यापर्यंत पोचणं त्याने सोपं होईल.