शेजारच्या अदलाबदलींतून सगळ्या मांडण्या

१ ते ५ हे आकडे एका ओळीत १२० प्रकारे मांडता येतात. एका मांडणीतून दुसरीत नेणारी क्रिया म्हणजे फेरमांडणी. एका फेरमांडणीनंतर दुसरी केली तरी फेरमांडणीच मिळते, आणि प्रत्येक फेरमांडणी उलटी फिरवता येते. म्हणून n वस्तूंच्या सर्व फेरमांडण्यांचा मिळून एक गट होतो. त्याला सममित गट म्हणतात आणि तो Sₙ असा लिहितात. यांतल्या सर्वांत साध्या फेरमांडण्या म्हणजे लगतच्या दोन जागांवरच्या वस्तूंची अदलाबदल. पाच वस्तूंसाठी अशा अदलाबदली चारच आहेत: पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, तिसरी-चौथी आणि चौथी-पाचवी जागा. त्यांना अनुक्रमे s₁, s₂, s₃, s₄ म्हणू. एवढ्या चारांवर १२० फेरमांडण्यांपैकी प्रत्येक घडवता येते, हे सिद्ध करायचे आहे.

इंग्लंडमधल्या चर्चच्या घंटा वाजवणाऱ्यांना हा प्रश्न गणितज्ञांच्या आधी भेटला. झोका घेणारी जड घंटा एका फेरीतून पुढच्या फेरीत जाताना क्रमात फार तर एक जागा पुढे किंवा मागे सरकू शकते, त्यामुळे क्रम बदलायचा तर शेजारच्या घंटांचीच अदलाबदल करावी लागते. फेबियन स्टेडमन यांच्या १६७७ मधल्या 'कॅम्पनॅलॉजिया' या पुस्तकात अशा क्रमांचीच चर्चा आहे. गट ही संकल्पना तेव्हा जन्मलीही नव्हती.

सिद्धतेची किल्ली म्हणजे 'उलट जोडी'. मांडणीत मोठा आकडा लहान आकड्याच्या आधी आला असेल, तर त्या दोघांची जोडी उलट. ते दोघे शेजारी असायलाच हवेत असे नाही. ४ २ ५ १ ३ ही मांडणी घ्या. इथे ४ च्या पुढे २, १ आणि ३ हे त्याच्याहून लहान आकडे आहेत, २ च्या पुढे १ आहे, ५ च्या पुढे १ आणि ३. एकूण सहा उलट जोड्या. १ २ ३ ४ ५ या सरळ मांडणीत मात्र एकही नाही.

मांडणी सरळ नसेल, तर कुठेतरी दोन लगतचे आकडे उलट असलेच पाहिजेत. तसे नसते तर प्रत्येक आकडा आपल्या पुढच्याहून लहान ठरला असता, आणि मग ओळ सरळच असती. अशा लगतच्या उलट जोडीची अदलाबदल केली की उलट जोड्यांची संख्या नेमकी एकाने घटते. 'नेमकी' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. ओळीतला तिसरा कोणताही आकडा या दोघांच्या डावीकडे तरी असतो किंवा उजवीकडे तरी. त्यांच्या मध्ये कोणीच नसतो. त्यामुळे त्याचे त्या दोघांशी असलेले आधी-नंतरचे नाते बदलत नाही. दूरच्या दोन वस्तूंची अदलाबदल केली तर हा युक्तिवाद कोसळतो, कारण मधल्या आकड्यांची नातीही बदलू शकतात.

वरच्या मांडणीवर हे करून पाहू. s₁ केल्यावर २ ४ ५ १ ३. मग s₃ ने २ ४ १ ५ ३. S₂ ने २ १ ४ ५ ३. S₁ ने १ २ ४ ५ ३. S₄ ने १ २ ४ ३ ५. आणि शेवटी s₃ ने १ २ ३ ४ ५. सहा उलट जोड्या, सहा पायऱ्या. संख्या दर पायरीला एकाने घटते आणि शून्याखाली जाऊ शकत नाही, म्हणून कोणत्याही मांडणीपासून निघाले तरी ही क्रिया सरळ मांडणीवरच थांबते.

आता दिशा फिरवायची. प्रत्येक अदलाबदल पुन्हा केली की स्वतःलाच पुसते. म्हणून सरळ ओळीवर त्याच पायऱ्या शेवटून सुरुवातीकडे, म्हणजे s₃, s₄, s₁, s₂, s₃, s₁ अशा केल्या, तर ४ २ ५ १ ३ परत मिळते. इथे पायऱ्यांचा क्रम उलटायला विसरणे ही नेहमीची चूक. या मांडणीत मूळ क्रमानेच केल्या तरी योगायोगाने ४ २ ५ १ ३ च मिळते, पण इतर मांडण्यांत भलतीच मांडणी हाती येऊ शकते. हाच मार्ग कोणत्याही मांडणीला आणि कोणत्याही n ला लागू पडतो, आणि सिद्धता इथे पूर्ण होते.

याच मोजणीतून आणखी एक गोष्ट फुकट मिळते. लगतची अदलाबदल उलट जोड्यांची संख्या एकाने घटवते किंवा वाढवते, त्याहून जास्त काही करू शकत नाही. तेव्हा सहा उलट जोड्या असलेली मांडणी पाच पायऱ्यांत सरळ होणे अशक्यच. सर्वांत अवघड मांडणी म्हणजे पूर्ण उलटी, ५ ४ ३ २ १. तिच्यात प्रत्येक जोडी उलट असल्याने १० पायऱ्या लागतात. N वस्तूंसाठी ही संख्या n(n−1)/2.

या चारांतली एखादी अदलाबदल वगळून मात्र भागत नाही. s₃ काढून टाकली, तर पहिल्या तीन जागांवरचा एकही आकडा शेवटच्या दोन जागांवर कधी पोहोचत नाही. पहिले तीन आपसांत ६ प्रकारे फिरतात, शेवटचे दोन २ प्रकारे, आणि १२० पैकी फक्त १२ मांडण्या हाती लागतात.