तीन वाक्यांत मावणारा वक्ता

परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक वक्त्याच्या वाट्याला वीस मिनिटं आलेली असतात. त्याआधी सूत्रसंचालक चार मिनिटं त्याचा परिचय वाचून दाखवतो. जन्मगावापासून शेवटच्या पुरस्कारापर्यंत सगळं वाचून होतं, आणि तेवढ्यात सभागृहाचं लक्ष मोबाइलकडे वळलेलं असतं. सूत्रसंचालकाच्या हातात वक्त्यानं पाठवलेला दोन पानी परिचय असतो. त्यातलं काय गाळावं हे त्याला ठरवता येत नाही, आणि काही गाळलं तर पाहुण्यांचा अपमान होईल अशी धास्तीही वाटते. म्हणून तो सगळंच वाचतो.

हा परिचय तीन वाक्यांत बसवता येतो. कसा, ते एका खऱ्या चरित्रावर पाहू. त्यासाठी मी डॉ. जयंत नारळीकरांचं चरित्र निवडलं आहे. ते आता आपल्यात नाहीत, पण त्यांचं आयुष्य बहुतेक मराठी वाचकांना ठाऊक आहे आणि त्यातलं काहीही गाळायला हात धजावत नाही.

जन्म १९३८, कोल्हापूर. वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, त्यामुळे शिक्षण बनारसला. पुढे केंब्रिज, तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिला क्रमांक, फ्रेड हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली पीएचडी. १९६५ साली पद्मभूषण. १९७२ मध्ये भारतात परत येऊन मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम. १९८८ मध्ये पुण्यात आयुकाची स्थापना आणि तिचं संचालकपद. युनेस्कोचा कलिंग पुरस्कार, पद्मविभूषण, महाराष्ट्र भूषण, आत्मचरित्राला साहित्य अकादमी, नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. शिवाय विज्ञानकथा, लेख आणि फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणी.

आता समजा, विज्ञानकथेवरची एक परिषद आहे आणि ते तिथे बोलणार आहेत. मोठेपणाच्या क्रमानं निवड केली तर पद्मविभूषण, केंब्रिज आणि आयुका हाती लागतात. तिन्ही गोष्टी खऱ्या आणि थोर आहेत. पण कथेविषयी या माणसाचं का ऐकायचं, याचं उत्तर त्यांत नाही. म्हणून पुरस्कारांची यादी बाजूला ठेवून आधी व्याख्यानाचा विषय कागदाच्या माथ्यावर लिहायचा. मग चरित्रातली एकेक ओळ त्या विषयासमोर धरायची आणि या ओळीमुळे व्याख्यान ऐकण्याची उत्सुकता वाढते का, एवढंच विचारायचं.

असं केलं की एरवी दोन पानांत कुठेतरी दबलेली एक घटना वर येते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावानं. आपल्या नावाच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी ते नाव तयार केलं होतं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हातची लिहून घेतली. तिला पहिलं बक्षीस मिळालं. या परिषदेत ही एक घटना सगळ्या पदकांपेक्षा वजनदार ठरते, कारण लेखक म्हणून त्यांची पारख नावाविना झाली हे ती सांगते.

परिचय मग असा होतो: ‘खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर अनेक वर्षं मराठीत विज्ञानकथा लिहीत आहेत. १९७४ साली त्यांनी आपली कथा टोपणनावानं स्पर्धेला पाठवली आणि लेखक कोण हे ठाऊक नसलेल्या परीक्षकांनी तिला पहिलं बक्षीस दिलं. कथेतलं विज्ञान किती काटेकोर असावं आणि कल्पनेला कुठवर मोकळीक द्यावी, याविषयी आज आपल्याशी बोलत आहेत, डॉ. जयंत नारळीकर.’

पहिल्या वाक्यात माणूस कोण ते आलं. दुसऱ्यात, या विषयावर त्याचा अधिकार काय ते एका घटनेतून आलं. तिसऱ्यानं विषय सांगून माईक त्यांच्या हाती दिला. नाव पुन्हा अगदी शेवटी आलं, कारण टाळ्या नावावर पडतात. नावानंतर आणखी चार शब्द उरले तर ते टाळ्यांत बुडतात. सावकाश वाचलं तरी हे सारं अर्ध्या मिनिटाच्या आसपास संपतं.

त्याच नारळीकरांचं व्याख्यान विश्वरचनाशास्त्राच्या परिषदेत असतं तर यातलं दुसरं वाक्य बिनकामाचं ठरलं असतं. तिथे सांगायला हवं की विश्वाचा आरंभ महास्फोटानं झाला हे बहुतेक शास्त्रज्ञांनी मान्य केल्यावरही, हॉइल यांच्यासोबत काम सुरू केलेल्या या शास्त्रज्ञानं त्या मताला पर्याय मांडणं सोडलं नाही. म्हणजे एकच कायमचा छोटा परिचय करून ठेवला की काम झालं, असं नसतं. दर व्याख्यानाला निदान मधलं वाक्य नव्यानं लिहावं लागतं.

मराठीत या कामाला एक खास धोका आहे. आपली वाक्यरचना क्रियापद शेवटी ठेवू देते आणि त्याआधी हवी तितकी विशेषणं रचू देते. ‘कोल्हापुरात जन्मलेल्या, बनारसला शिकलेल्या, केंब्रिजमध्ये संशोधन केलेल्या, पद्मभूषणानं सन्मानित, आयुकाचे संस्थापक संचालक असलेल्या डॉ. नारळीकरांचं मी स्वागत करतो’ हे व्याकरणानं एकच वाक्य आहे. असली तीन वाक्यं लिहिली तर दोन पानी चरित्र जसंच्या तसं आत शिरतं. डोळ्यांना ते झेपतं, कारण वाचक मागे वळून पाहू शकतो. ऐकणाऱ्याला तसं वळता येत नाही. सगळी विशेषणं मनात धरून तो नावाची वाट पाहत बसतो. हे ओळखायला परिचय मोठ्यानं वाचून बघावा. वाक्य संपायच्या आत श्वास घ्यावा लागला तर ते मोडायला हवं. ‘असलेले’, ‘केलेले’, ‘मिळवलेले’ यांपैकी एकापेक्षा जास्त शब्द एकाच वाक्यात दिसले तरी तेच करावं.

कुटुंबाचा उल्लेखही तपासून पाहावा. मंगला नारळीकर स्वतः गणितज्ञ होत्या, मुलांना गणित सोपं वाटावं म्हणून त्यांनी मराठीत पुस्तकं लिहिली. गणिताच्या अध्यापनावरील परिषदेत त्यांची ओळख ‘डॉ. नारळीकरांच्या पत्नी’ अशी सुरू करणं साफ चूक ठरलं असतं. वर ‘कृष्णविवर’च्या हकिगतीत पतिपत्नीचं नातं आलं, कारण तिथे त्यांचा हात खरोखर कामाला लागला होता.

गाळलेल्या गोष्टी वाया जात नाहीत. पदव्या, पुरस्कार, ग्रंथांची यादी परिषदेच्या स्मरणिकेत छापावी. ज्याला हवी तो निवांत वाचेल. मंचावर मात्र व्याख्यानातला मुद्दा फोडू नये. वक्ता जो निष्कर्ष शेवटी सांगणार आहे तो सूत्रसंचालकानं आधीच सांगून टाकला, तर वक्त्याला स्वतःच्याच बोलण्याची पुनरुक्ती करावी लागते.

सूत्रसंचालन करणाऱ्यांना एक विनंती. तीन वाक्यं तयार झाली की आदल्या दिवशी वक्त्याला फोन करून ती वाचून दाखवा. नावाचा उच्चार, आजचं पद आणि दुसऱ्या वाक्यातली घटना, या तिन्हींची खात्री करून घ्या. जुन्या परिचयात सोडलेली पदं हमखास सापडतात. आणि तुम्ही वक्ते असाल तर आयोजकांनी परिचय मागितल्यावर दोन पानांच्या सोबत तुमची तीन वाक्यंही पाठवा, ठळक अक्षरांत, वेगळ्या कागदावर.